मोड घालण्याआधी पावतीचा हिशेब

जुना दागिना हातात घेतला की सराफ वजन करतो, कस पाहतो आणि त्या दिवसाचा भाव सांगतो. आयकर खात्याला या तिन्हींत फारसे स्वारस्य नसते. दागिना कधी घेतला, किती रुपयांना घेतला आणि मुळात कोणी घेतला, एवढेच ते विचारते. या प्रश्नांची उत्तरे ज्याच्याकडे कागदावर असतात त्याचा कर कमी होतो, आणि ज्याच्याकडे नसतात त्याला तेवढ्याच सोन्यावर जास्त कर पडू शकतो.

देवगाव फाट्यासारख्या गावात हा प्रश्न वेगळ्या समजुतीत अडकलेला असतो. सेलू तालुक्यातला हा फाटा कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात आहे. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, मग शेतीच्या पैशातून घेतलेल्या सोन्यावर कर कसला, असे इथे सहज विचारले जाते. त्यामागे थोडा आधारही आहे. नगरपालिकेच्या हद्दीपासून ठरावीक अंतरापलीकडे असलेली शेतजमीन कायद्याच्या दृष्टीने भांडवली मालमत्ताच नाही, म्हणून अशी जमीन विकली तर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. सोन्याला ती सूट नाही. घरातली कपाटे, भांडी, कपडे या वैयक्तिक वापराच्या वस्तूही करातून सुटतात, पण दागिने त्या यादीतून मुद्दाम वगळलेले आहेत. गळ्यात रोज घातलेले मंगळसूत्र विकले तरी तो व्यवहार भांडवली मालमत्तेचाच असतो. ते घ्यायला पैसा कापसाचा वापरला की पगाराचा, याने फरक पडत नाही. शेतीचा हिशेब मात्र जपून ठेवावा, कारण सोने घ्यायला पैसा आला कुठून असे विचारले गेले तर आडत्याची पट्टी आणि सातबारा हेच उत्तर असते.

आणखी एक गोष्ट आधीच मोकळी करू. पेरणीच्या वेळी सोने तारण ठेवून कर्ज काढले, तर ती विक्री नव्हे. त्यावर भांडवली नफा होत नाही. कर्ज फिटले नाही आणि बँकेने सोन्याचा लिलाव केला, तर मात्र त्या दिवशी तुमचे सोने विकले गेले असे धरले जाते.

आता मुदतीचा नियम. 23 जुलै 2024 पासून प्रत्यक्ष सोन्यासाठी तो सोपा झाला आहे. दागिना 24 महिन्यांपेक्षा जास्त काळ जवळ ठेवून विकला, तर नफा दीर्घ मुदतीचा ठरतो आणि त्यावर साडेबारा टक्के कर, वर त्या कराच्या चार टक्के उपकर लागतो. 24 महिने किंवा त्याहून कमी काळ ठेवला, तर नफा अल्प मुदतीचा ठरून इतर उत्पन्नात मिसळतो आणि त्याच्या टप्प्याप्रमाणे कर लागतो. त्याआधी ही मुदत 36 महिन्यांची होती, दर वीस टक्के होता, पण महागाईच्या निर्देशांकाने खरेदी किंमत वाढवून घेता येत असे. ती वाढ आता मिळत नाही. म्हणजे तीस वर्षांपूर्वीचे रुपये आणि आजचे रुपये एकाच तराजूत मोजले जातात. हे मला न्याय्य वाटत नाही, पण हिशेब असाच करावा लागतो. 1 एप्रिल 2026 पासून 1961 च्या कायद्याची जागा नव्या आयकर कायद्याने घेतली. कलमांचे क्रमांक बदलले, पण या हिशेबाचा गाभा तोच राहिला.

एक उदाहरण सविस्तर घेऊ. समजा, फाट्यावर शिवणकाम करणाऱ्या एका बाईंना स्वतःच्या नावावरच्या गावठाणातल्या जागेवर दोन खोल्या बांधायच्या आहेत. त्यासाठी 2026 च्या नोव्हेंबरमध्ये त्या तीन दागिने विकतात. पहिला म्हणजे आईने दिलेल्या पाटल्या. आईला त्या तिच्या लग्नात, 1985 साली, तिच्या वडिलांनी घातल्या होत्या. दुसरे गंठण, 2016 साली यांच्या स्वतःच्या लग्नात यांच्या वडिलांनी केलेले, पक्की पावती वडिलांच्या नावाने. तिसरी सोनसाखळी, एप्रिल 2025 मध्ये शिलाईच्या पैशातून घेतलेली. आकडे सोपे जावेत म्हणून घट वजा जाऊन 22 कॅरेटला दहा ग्रॅममागे हातात 1,20,000 रुपये पडले असे धरू.

साखळी दहा ग्रॅमची. पावतीत सोन्याची किंमत, मजुरी आणि तीन टक्के जीएसटी धरून 95,000 रुपये. विकताना मजुरी परत मिळत नाही हे सगळ्यांना ठाऊक असते, पण करासाठी मजुरी आणि जीएसटी दोन्ही खरेदी किमतीतच धरायचे, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. म्हणून नफा 25,000 रुपये. साखळी 24 महिन्यांच्या आत विकली, त्यामुळे हा नफा अल्प मुदतीचा. पुढच्या मे महिन्यापर्यंत थांबल्या असत्या तर तो दीर्घ मुदतीचा झाला असता. या बाईंच्या बाबतीत थांबून काही मिळाले नसते, हे पुढे दिसेल.

गंठण 25 ग्रॅमचे. विकून 3,00,000 रुपये आले. पावती 75,000 रुपयांची आणि ती वडिलांच्या नावाने. इथे बरेच जण गोंधळतात. पावती माझ्या नावाची नाही, मला तर फुकट मिळाले, मग खरेदी किंमत शून्य धरायची का? नाही. भेट किंवा वारशाने मिळालेल्या दागिन्याला आधीच्या मालकाने मोजलेली किंमतच तुमची किंमत ठरते, आणि त्याने तो जितका काळ ठेवला तो काळही तुमच्या मुदतीत मोजला जातो. म्हणून वडिलांच्या नावाची ती पावती लेकीने जपायची. लग्नाच्या घाईत दागिना सासरी जातो आणि पावती माहेरच्या पेटीत राहते. दहा वर्षांनी ती शोधायला कोणाला आठवत नाही. या गंठणावर नफा 2,25,000 रुपये.

पाटल्या खऱ्या अवघड. 1985 सालची पावती कोणाकडे असणार? इथे कायद्याने एक दार उघडे ठेवले आहे. मालमत्ता 1 एप्रिल 2001 पूर्वी तुमच्याकडे किंवा तुम्हाला देणाऱ्या मूळ मालकाकडे आली असेल, तर प्रत्यक्ष किमतीऐवजी 1 एप्रिल 2001 रोजीची बाजारकिंमत खरेदी किंमत म्हणून घेता येते. त्या सुमारास सोने दहा ग्रॅमला चार-साडेचार हजारांच्या आसपास होते. 1985 च्या भावाच्या जवळपास दुप्पट हा आकडा, म्हणून पर्याय फायद्याचा. आज दहा ग्रॅमला लाखाच्या वर भाव असताना तेवढ्याने नफ्याचा डोंगर फारसा खाली येत नाही हेही खरे. ही किंमत नोंदणीकृत मूल्यमापकाकडून लेखी घ्यावी. त्यात वजन, कॅरेट आणि 2001 चा दर लिहिलेला असावा. दागिना वितळवण्यापूर्वी हे करून घ्यायला हवे, कारण मूल्यमापकाला दागिना डोळ्यांनी पाहावा लागतो.

वजनाचाही एक घोळ असतो. आई म्हणते, पाटल्या चार तोळ्यांच्या. जुन्या लोकांच्या तोंडचा तोळा साधारण 11.66 ग्रॅमचा, आजच्या सराफाचा दहा ग्रॅमचा. चार जुने तोळे म्हणजे सुमारे 46.6 ग्रॅम. मग काट्यावर 40 ग्रॅम आले तर झीज झाली, की आधीपासून नवा तोळा होता, की दुसऱ्याच पाटल्या आहेत, असा प्रश्न उगाच उभा राहतो. कोणत्याही कागदावर वजन ग्रॅममध्येच लिहावे. आपल्या उदाहरणात ते 40 ग्रॅम आहे. विकून 4,80,000 रुपये आले. मूल्यमापकाने 2001 ची किंमत 16,000 रुपये लिहून दिली असे धरू. नफा 4,64,000 रुपये.

पाटल्या आणि गंठण मिळून दीर्घ मुदतीचा नफा 6,89,000 रुपये झाला. शिवणकामाचे वर्षाचे निव्वळ उत्पन्न 75,000 रुपये आणि साखळीचा नफा 25,000 रुपये. एकूण 7,89,000 रुपये. बारा लाखांच्या आत कर नाही असे ऐकलेले असल्याने बाईंना वाटेल की विषय संपला. इथेच सर्वात मोठी फसगत होते. नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर जी करसवलत मिळते ती टप्प्यांप्रमाणे लागणाऱ्या करावर मिळते. साडेबारा टक्क्यांसारख्या वेगळ्या दराने लागणाऱ्या करावर ती मिळत नाही. एकूण उत्पन्न आठ लाखांच्या आत असूनही या बाईंना कर भरावा लागतो.

मात्र एक दिलासा आहे. नव्या प्रणालीत चार लाखांपर्यंतचे उत्पन्न मुळातच करपात्र नाही. भारतात राहणाऱ्या व्यक्तीचे इतर उत्पन्न चार लाखांहून कमी असेल, तर जेवढी जागा शिल्लक राहते तेवढा दीर्घ मुदतीचा नफा करातून वगळता येतो. बाईंचे इतर उत्पन्न एक लाख आहे, म्हणून तीन लाखांची जागा शिल्लक. 6,89,000 मधून 3,00,000 गेले, उरले 3,89,000. त्याचे साडेबारा टक्के 48,625 रुपये, उपकर 1,945 रुपये, एकूण 50,570 रुपये. ही जागा वापरायची राहून गेली तर हाच कर 89,570 रुपये होतो. साखळीचा 25,000 चा नफा याच चार लाखांत बसला आणि त्यावर कर लागला नाही. तो दीर्घ मुदतीचा असता तरी एकूण आकडा तेवढाच आला असता. म्हणून मी वर म्हटले की थांबून काही मिळाले नसते. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या पगारदाराच्या बाबतीत मात्र हेच थांबणे फायद्याचे ठरते. बाईंच्या स्वतःच्या नावावर शेती असेल तर हिशेबात आणखी एक पायरी येते, ती सल्लागाराकडून करून घ्यावी.

दागिना कोणी दिला, हा प्रश्नही महत्त्वाचा. वरचे दागिने माहेरचे आणि स्वकमाईचे निवडले ते मुद्दाम. लग्नानंतर नवऱ्याने बायकोला भेट दिलेला दागिना तिने विकला, तर नफा नवऱ्याच्या उत्पन्नात जोडला जातो. सासू-सासऱ्यांनी हयातीत सुनेला दिलेल्या दागिन्याचा नफाही देणाऱ्याच्याच उत्पन्नात जातो. आईने लेकीला दिलेल्याला हे लागू नाही, मृत्युपत्राने आलेल्यालाही नाही. म्हणून कोणी, कधी दिले याची दोन ओळींची चिठ्ठी, तारीख घालून आणि देणाऱ्याची सही घेऊन, पावतीसोबत ठेवली तर पुढचा वाद टळतो.

आता घराचा भाग, कारण बाईंनी सोने त्यासाठीच मोडले. दीर्घ मुदतीची मालमत्ता विकून आलेली रक्कम राहत्या घरात घातली तर नफ्यावर सूट आहे. विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत घर विकत घ्यावे, किंवा तीन वर्षांत बांधून पूर्ण करावे. इथे लक्षात घ्यायचे ते हे की पूर्ण सूट हवी तर नुसता नफा नव्हे, हातात पडलेली सगळी रक्कम घरात गेली पाहिजे. पाटल्या आणि गंठणाचे मिळून 7,80,000 रुपये आले. ते सगळे खोल्यांवर खर्च झाले तर 6,89,000 च्या नफ्यावर कर शून्य. निम्मे, म्हणजे 3,90,000 खर्च झाले तर निम्म्याच नफ्यावर सूट. साखळीला ही सूट नाही, कारण ती अल्प मुदतीची. सोने विकले त्या दिवशी बाईंच्या नावावर आधीच एकाहून जास्त घरे असता कामा नयेत. नवे घर त्यांच्याच नावाने असावे. ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर नवऱ्याचे नाव असेल तर वादाला जागा राहते. बांधकामाची बिलेही हवीत. वीट-सिमेंट-गवंडी यांचा हिशेब वहीत नुसता लिहिलेला पुरत नाही.

विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपर्यंत बांधकाम अर्धवट असेल, तर उरलेली रक्कम बँकेत भांडवली नफा खाते योजनेत ठेवावी लागते, साध्या बचत खात्यात नाही. ही योजना 1988 पासून आहे आणि बँकांच्या ग्रामीण शाखांत ते खाते उघडता येत नाही. फाट्यावरच्या माणसाला त्यासाठी सेलू किंवा परभणी गाठावे लागते. मुदत संपायच्या शेवटच्या दिवशी हे कळले तर उपयोग नाही.

सर्वात जास्त कागद बिघडतात ते जुने देऊन नवे घेताना. लोक त्याला विक्री समजत नाहीत, कारण रोख पैसा हातात येत नाही. पण अदलाबदल हेही हस्तांतरणच आहे. समजा, 2019 साली जुन्या बांगड्या देऊन नव्या घेतल्या. पावतीवर नव्या बांगड्या 1,50,000 रुपये, जुने सोने वजा 1,10,000, बाकी रोख 40,000. त्या दिवशी जुन्या बांगड्या 1,10,000 ला विकल्या गेल्या आणि त्यांच्यावरच्या नफ्याचा हिशेब तेव्हाच व्हायला हवा होता. आणि आज नव्या बांगड्या विकताना खरेदी किंमत 40,000 नव्हे, 1,50,000 आहे. घरातले सगळे मात्र चाळीस हजारच सांगतात, कारण तेवढेच खिशातून गेलेले आठवतात. उलट, सोनाराने तेच सोने वितळवून त्याचाच दागिना घडवून दिला आणि फक्त मजुरी घेतली, तर सहसा ते हस्तांतरण धरले जात नाही. जुनी किंमत आणि जुनी तारीख चालू राहते, मजुरी किमतीत वाढते. म्हणून पावतीवर काय लिहिले आहे ते दुकानातच वाचावे. भट्टीत सोने तेच असते, पण कागदावर हे दोन वेगळे व्यवहार आहेत.

पावती नसेल, आणि दागिना 2001 नंतरचा असेल, तर काय? सराफाच्या दप्तरातून दुसरी प्रत मिळते का ते आधी पाहावे. नाही तर त्या तारखेची बँक पासबुकातली नोंद, त्या दिवसाचा छापील भाव, लग्नाचा फोटो ज्यात तो दागिना ओळखू येतो, असे जुळवावे लागते. यातले एकेकटे कमकुवत असते, पण एकत्र ते तारीख आणि किंमत दोन्ही उभे करतात. हे काहीच नसेल तर अधिकारी किंमत शून्य धरू शकतो, आणि सोने तुमचेच कसे हाच प्रश्न आला तर विक्रीची रक्कम अघोषित उत्पन्न म्हणून चढ्या दराने करात जाऊ शकते. थर्मल कागदावरची बिले दोन-तीन उन्हाळ्यांत कोरी पडतात. घरी आल्या आल्या त्यांची झेरॉक्स किंवा मोबाइलवर फोटो काढावा. हॉलमार्कचा सहा अक्षरी क्रमांक शुद्धता सांगतो, तुम्ही काय किंमत मोजली ते सांगत नाही. आणि विवाहितेला 500 ग्रॅम, अविवाहितेला 250, पुरुषाला 100 ग्रॅम सोने चालते, असे जे लोक म्हणतात, ती 11 मे 1994 ची सूचना आहे. छाप्यात तेवढे दागिने जप्त करू नयेत, एवढाच तिचा अर्थ. विकताना करातून सूट देणारी ती मर्यादा नव्हे.

पैसे घेताना एक सावधगिरी. एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घेतले तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. सोने विकताना घेणारे तुम्ही असता. रक्कम खात्यावरच घ्यावी आणि सराफाकडून जुने सोने विकत घेतल्याची पावती मागावी, कारण विक्री किंमत सिद्ध करणारा कागदही तोच.

सुवर्ण रोख्यांत हा कागदांचा त्रास बराच कमी आहे, पण दुसरी खाच आहे. सार्वभौम सुवर्ण रोखे 2015 च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झाले. पहिला हप्ता ग्रॅमला 2,684 रुपयांना विकला गेला आणि आठ वर्षांनी, 30 नोव्हेंबर 2023 रोजी, ग्रॅमला 6,132 रुपयांनी परत घेतला गेला. तेव्हा वीस ग्रॅम घेतलेल्याचे 53,680 रुपये 1,22,640 झाले आणि मधल्या 68,960 रुपयांवर कर लागला नाही. दर सहा महिन्यांनी मिळणारे व्याज मात्र करपात्र होते आणि आहे. त्यावर बँक कर कापत नाही, म्हणून ते विवरणपत्रात दाखवायचे राहून जाते.

ही सूट 1 एप्रिल 2026 पासून आवळली आहे. रोखा मूळ विक्रीच्या वेळी स्वतः घेतलेला असावा आणि पूर्ण मुदतीपर्यंत सलग जवळ ठेवलेला असावा, तरच परतफेडीचा नफा करमुक्त. शेअर बाजारातून दुसऱ्याकडून घेतलेला रोखा मुदतीपर्यंत ठेवला तरी कर लागतो. पाच वर्षांनंतर मुदतपूर्व परत देण्याची सोय आहे, पण तीही आता करमुक्त नाही. बाजारात विकला तर 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवल्यावर नफा दीर्घ मुदतीचा आणि दर साडेबारा टक्के. प्रत्यक्ष सोन्याच्या 24 महिन्यांशी याची गल्लत होते. म्हणून रोख्याचे प्रमाणपत्र किंवा डीमॅट खात्यातली पहिली नोंद जपावी. तो मूळ विक्रीत घेतला होता हे त्यावरूनच कळते.

सरकारने शेवटचे रोखे फेब्रुवारी 2024 मध्ये विकले आणि त्यानंतर नवे काढलेले नाहीत. म्हणजे ज्यांच्याकडे आहेत त्यांच्यापुढे प्रश्न फक्त विकावे की थांबावे हा. समजा, कोणी ग्रॅमला 4,000 रुपयांनी दहा ग्रॅमचे रोखे मूळ विक्रीत घेतले आणि मुदतीला एक वर्ष राहिले आहे. आज ग्रॅमला 13,000 मिळत असतील तर नफा 90,000 रुपये आणि उपकरासह कर 11,700 रुपये. वर्षभर थांबले तर कर शून्य आणि वरून एका वर्षाचे व्याज. सोन्याचा भाव या वर्षात ग्रॅमला साधारण 1,170 रुपयांपेक्षा जास्त पडला, तरच आज विकणे शहाणपणाचे ठरेल. व्याज धरले तर ही मर्यादा आणखी थोडी वर जाते.